मायक्रोवेव्ह डबल स्लिट: मॅक्सिमाचे कोन जुळतात, उंची का जुळत नाही?

मृण्मयी_भौतिक

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तृतीय वर्षाला मायक्रोवेव्हचा डबल स्लिट प्रयोग आहे. गन डायोडचा ट्रान्समीटर, 10.525 गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी 2.85 सेंमी. समोर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी केलेल्या दोन उभ्या फटी, प्रत्येकी 1.5 सेंमी रुंद, मधली पट्टी 6 सेंमी. ट्रान्समीटरपासून फटी 40 सेंमीवर, फटींपासून रिसीव्हर 50 सेंमीवर. रिसीव्हर गोनिओमीटरच्या फिरत्या दांडीवर आहे आणि त्याच्या काट्याच्या मीटरवर वाचन येतं. दोन्ही हॉर्न उभ्या ध्रुवीकरणावर.

यंदाच्या बॅचने मन लावून वाचनं घेतली. मधल्या शिखराला 1 धरून त्यांची सरासरी अशी आली:

```
कोन    वाचन (डावी / उजवी)    सिद्धांत
0°     1.00                  1.00
11°    0.06 / 0.06           0
22°    0.70 / 0.86           0.87
35°    0.09 / 0.09           0
50°    0.27 / 0.39           0.57
```

सिद्धांताचा रकाना म्हणजे नेहमीचंच: दोन फटींचा cos² आणि एका फटीचा sinc² यांचा गुणाकार. कोन बघा, सुरेख जुळलेत. d sinθ = λ वरून पहिला मॅक्सिमा 22.3° ला यायला हवा, आला. दुसरा 49.5° ला, तोही आला. पण उंची जुळत नाही, डावी-उजवी बाजू सारखी नाही, आणि मिनिमा शून्यावर येत नाहीत.

मुलं जर्नलमध्ये 'प्रायोगिक त्रुटीमुळे फरक' असं लिहून मोकळी होतात. मला ते वाक्य पटत नाही. त्रुटी असेल तर ती कुठली, किती, आणि ती ओळखायची कशी, हे त्यांना दाखवता आलं पाहिजे. कुणी हा प्रयोग खोलात जाऊन केला आहे का?

---

चिंटू_द_ग्रेट

मी पयला! बाकी मायक्रोवेव्हमध्ये धातू ठेवायचा नसतो असं आई सांगते, तुमच्याकडे तर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या 😀

---

स्वयंपाकघर_माझे

चिंटूने गमतीत म्हटलं, पण मला खरंच विचारायचंय. आमच्या ओव्हनमध्ये केक एका बाजूने भाजतो आणि एका बाजूने कच्चा राहतो. हेच मॅक्सिमा-मिनिमा ना? आणि मुलं एवढ्या जवळ उभी राहतात ते धोक्याचं नाही का?

---

मृण्मयी_भौतिक

@स्वयंपाकघर_माझे, ओव्हनमधले गरम-थंड पट्टे हाही व्यतिकरणाचाच प्रकार, पण ते बंद पेटीतल्या उभ्या तरंगांचे. ओव्हनची तरंगलांबी 12 सेंमीच्या आसपास असते. धोक्याचं म्हणाल तर ओव्हन शेकडो वॅटचा असतो, आमचा ट्रान्समीटर काही मिलिवॅटचा. तरी हॉर्नच्या तोंडात डोळा घालून बघायचं नाही, हा नियम आम्ही पाळतोच.

---

तर्ककर्कश

पहिला संशय: d किती धरला? बरीच मुलं मधल्या पट्टीची रुंदीच d म्हणून घालतात. d एका फटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजायचा असतो.

---

मृण्मयी_भौतिक

हो, 7.5 सेंमी धरला आहे. 6 धरला असता तर पहिला मॅक्सिमा 28.4° ला यायला हवा होता. 22 आणि 28 मधला फरक आमच्या गोनिओमीटरवर लपणारा नाही.

---

प्रा_सावंतवाडी

मॅडम, यात गूढ काही नाही. sinc² वालं सूत्र फ्राउनहोफर विवर्तनाचं, म्हणजे रिसीव्हर अनंत अंतरावर असेल तेव्हाचं. तुमचा रिसीव्हर 50 सेंमीवर आहे, म्हणजे जेमतेम सतरा-अठरा तरंगलांब्या. दूरक्षेत्राची अट 2D²/λ काढून बघा. दोन्ही फटींची बाहेरची कड ते कड रुंदी 9 सेंमी, त्यावरून 57 सेंमी येतात. तुम्ही आतच आहात. रिसीव्हर दीड मीटरवर न्या, सगळं जुळेल.

---

अँटेनावाला

सावंतवाडीकर सर, अट बरोबर आहे, पण ती मोडल्याने इथे किती बिघडतं ते मोजून बघू.

रिसीव्हर 22.3° वर, 50 सेंमी अंतरावर. दोन्ही फटींपासूनची खरी अंतरं पायथागोरसने काढली तर एक 51.54 आणि दुसरं 48.70 येतं. फरक 2.84 सेंमी. सूत्रातला d sinθ सांगतो 2.85. म्हणजे दहा हजार मेगाहर्ट्झच्या लाटेसाठी तो फरक दिसणारसुद्धा नाही. 50° जवळ हेच केलं तर 5.69 विरुद्ध 5.70. लांबच्या फटीकडून येणारी लाट थोडी अशक्त पडते, त्यामुळे मिनिमा पूर्ण शून्य होत नाही हे खरं, पण तो परिणाम शिखराच्या हजारात दोन भागांएवढा. मॅडमचा मिनिमा शंभरात सहा भाग आहे.

म्हणून दीड मीटरवर नेऊ नका. तिथे सिग्नल पडेल, खोलीतल्या भिंतींचे परावर्तित तरंग मात्र तेवढेच राहतील. आकृती सुधारायच्या ऐवजी बिघडेल.

---

प्रा_सावंतवाडी

आकडे पटले. पण मग मिनिमा भरले कशाने? रिसीव्हरच्या हॉर्नचं तोंड चांगलं आठेक सेंमी रुंद असतं. 50 सेंमीवरून ते नऊ अंश व्यापतं. एवढ्या रुंद डोळ्याने बघितलं तर तीव्रतेची सरासरी होणारच, दरी भरणारच.

---

रेवती_डेल्फ्ट

मलाही आधी तसंच वाटलं होतं. मी इथे टीए आहे आणि याच प्रकारच्या बाकावर मुलांना घेते. पण हॉर्न तीव्रतेची सरासरी करत नाही, क्षेत्राची बेरीज करतो. मिनिमाच्या एका बाजूला क्षेत्र धन असतं, दुसऱ्या बाजूला ऋण. बेरीज केली की ते एकमेकांना खोडतात. म्हणजे रुंद हॉर्ननेही मिनिमा शून्यच राहायला हवा.

---

अँटेनावाला

रेवती म्हणते ते बरोबर, आणि उलटीकडून बघितलं तर आणखी सोपं होतं. हॉर्न फटींच्या मधोमध रोखलेला आहे. त्याच्या दृष्टीने एक फट चार अंश डावीकडे, दुसरी चार अंश उजवीकडे. हॉर्न सममित आहे, म्हणून दोघींना सारखीच संवेदना देतो. दोन सारखी क्षेत्रं विरुद्ध कलेत आली की शून्य.

एकच अट: हॉर्न खरोखर मध्यावर रोखलेला हवा. दांडीवर तो जरा तिरका बसला असेल तर एक फट त्याला जास्त 'दिसते', दुसरी कमी, आणि मग दरी भरते. आधी दोरा ताणून ते तपासा.

---

जुना_क्लायस्ट्रॉन

मी निवृत्त लॅब असिस्टंट. आमच्या वेळी 2K25 क्लायस्ट्रॉन होता, एक किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीने मॉड्युलेट करायचो आणि व्हीएसडब्ल्यूआर मीटरवर डेसिबलमध्ये वाचायचो. क्लायस्ट्रॉन तापून स्थिर व्हायला वेळ लागे. तोवर वाचन घ्यायचं नाही, हा आमच्या सरांचा दंडक. गन डायोडवाल्यांनीही चालू केल्या केल्या वाचनं घेऊ नयेत, मधलं शिखर सुरुवातीला आणि शेवटी दोनदा मोजावं. दोन्हीत फरक पडला तर मधली सगळी वाचनं संशयित.

आता मॅडमना माझा एकच प्रश्न. तुमचा मीटर नेमकं काय दाखवतो? तीव्रता, क्षेत्र, की दोन्हींच्या मधलं काहीतरी? क्रिस्टल डिटेक्टर कमी पॉवरला वर्गनियमाने चालतो, म्हणजे काटा तीव्रतेच्या प्रमाणात हलतो. पॉवर वाढली की तो हळूहळू क्षेत्राच्या प्रमाणात जायला लागतो. मुलं मात्र काट्याला डोळे मिटून तीव्रता म्हणतात.

---

तर्ककर्कश

हे तपासायचं कसं? डिटेक्टरचं कॅलिब्रेशन करायला पॉवर मीटर लागेल, तो साध्या कॉलेजात कुठून येणार?

---

जुना_क्लायस्ट्रॉन

पॉवर मीटर कशाला? डबल स्लिट हेच कॅलिब्रेशन आहे.

0° वर दोन्ही फटी उघड्या ठेवून वाचन घ्या. मग एक फट अॅल्युमिनियमच्या पट्टीने झाका. क्षेत्र बरोबर निम्मं झालं, कारण दोन सारख्या भागीदारांपैकी एक गेला. तीव्रता पाव व्हायला हवी. काटा पावावर आला तर डिटेक्टर वर्गनियमाचा. निम्म्यावर थांबला तर तो क्षेत्र दाखवतोय. मध्ये कुठे थांबला तर घातांक काढा आणि सगळी वाचनं त्याने दुरुस्त करा.

पडताळाही घ्या. दोन्ही फटी उघड्या ठेवून फक्त रिसीव्हरचा हॉर्न त्याच्या अक्षाभोवती 60° फिरवा. cos 60° म्हणजे अर्धा, पुन्हा क्षेत्र निम्मं. दोन्ही रीतींनी काटा एकाच जागी आला पाहिजे. आणि हे करताना गेनची कळ हलवायची नाही. मीटरच्या पट्ट्या बदलल्या की वाचनं जोडताना तिथेच पायरी पडते.

---

मृण्मयी_भौतिक

काका, हे फार आवडलं. सोमवारी लॅब मोकळी आहे, करून बघते आणि इथे कळवते.

---

भटकी_जमात

अवांतर: नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी बघायला गेलो होतो, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ते लोकांसाठी खुलं असतं. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या 30 अँटेना, पंचवीसेक किलोमीटरमध्ये पसरलेल्या. तिथल्या एका संशोधकाने सांगितलं की कुठल्याही दोन अँटेना म्हणजे दोन फटीच समजा. तेव्हा डोक्यावरून गेलं होतं, आज हा धागा वाचून थोडं कळलं.

---

अँटेनावाला

@भटकी_जमात, त्यांनी बरोबर सांगितलं. फक्त तिथे प्रयोग उलटा आहे. इथे आपल्याला फटी माहीत आहेत आणि आपण आकृती मोजतो. तिथे आकृती मोजून आकाशातला स्रोत कसा आहे ते काढतात. स्रोत पसरट असेल तर दरी भरते. मृण्मयीताईंच्या बाकावर मात्र स्रोत एकच आहे, त्यामुळे दरी भरली तर दोष खोलीत शोधायचा.

---

इतिहासवेडा

अवांतरात माझी भर. सेंटिमीटर-मिलिमीटर लाटांचं हे असं बाकावर मांडता येणारं प्रकाशशास्त्र भारतातच सुरू झालं म्हणायला हरकत नाही. जगदीशचंद्र बोस कलकत्त्याला पाच मिलिमीटर ते अडीच सेंटिमीटरच्या लाटांवर काम करत होते, हॉर्नही वापरत होते. जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ते दाखवलं. ध्रुवीकरणासाठी त्यांनी रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानांत कथिलाचे पातळ पत्रे घातले होते, आणि पिळलेल्या तागाने ध्रुवीकरणाची पातळी फिरते हेही दाखवलं होतं.

---

चिंटू_द_ग्रेट

रेल्वेचं वेळापत्रक एकदाचं कामी आलं!

---

रेवती_डेल्फ्ट

मूळ मुद्द्यावर येते. मृण्मयी, डाव्या-उजव्या बाजूचा फरक मला जास्त खटकतो. 0.70 आणि 0.86 हा मीटरच्या घातांकाचा खेळ नाही, कारण मीटर दोन्ही बाजूंना सारखाच चुकेल.

दोन शक्यता. एक, ट्रान्समीटर मध्यावर नाही. तो 1 सेंमी सरकला तर 40 सेंमीवर पूर्ण आकृती सुमारे 1.4° वळते. पण मग मधलं शिखरही सरकायला हवं, आणि डावा-उजवा 11° चा मिनिमाही. तुझे कोन जुळतायत, म्हणजे हे नाही.

दुसरी, फटींच्या बाहेरून येणारी गळती. दोन्ही फटी झाकून वाचन घेतलंस का?

---

मृण्मयी_भौतिक

नाही घेतलं. पण गळती असली तरी ती शंभरात दोन-तीन भाग असेल. त्याने 0.70 आणि 0.86 एवढा फरक पडेल?

---

रेवती_डेल्फ्ट

इथेच सगळे फसतात. गळतीची तीव्रता मिळवायची नसते, तिचं क्षेत्र मिळवायचं असतं.

समज, गळतीची तीव्रता मधल्या शिखराच्या 0.018 आहे. तिचं क्षेत्र त्याचं वर्गमूळ, म्हणजे 0.13. 22° च्या शिखराचं क्षेत्र 0.88 धर. एका बाजूला गळती समकलेत आली तर 1.01, वर्ग 1.02. दुसऱ्या बाजूला विरुद्ध कलेत आली तर 0.75, वर्ग 0.56. दोन टक्क्यांपेक्षा कमी गळतीने शिखर 0.56 पासून 1.02 पर्यंत कुठेही जाऊ शकतं. मिनिमाला मात्र ती बिचारी फक्त 0.018 च दाखवते. म्हणून दरी जवळजवळ स्वच्छ दिसते आणि शिखरं बेशिस्त होतात.

---

प्रा_सावंतवाडी

हे आम्ही इतकी वर्षं शिकवताना कधी मांडलं नाही. फार महत्त्वाचं आहे. गळती थांबवायला ओला टॉवेल लावा, पाणी मायक्रोवेव्ह शोषतं.

---

अँटेनावाला

सर, पाणी शोषतं हे खरं, पण आधी परावर्तित करतं. 10 गिगाहर्ट्झला पाण्याचा अपवर्तनांक आठच्या आसपास आहे, त्यामुळे सरळ पडलेल्या पॉवरपैकी निम्म्याहून जास्त परत फिरते. ओला टॉवेल उभा टांगला की तो आरसाच झाला. लावायचाच तर तिरका, म्हणजे परावर्तन छताकडे जाईल. आयसीच्या पॅकिंगमध्ये येणारा काळा फोम काही प्रमाणात चालतो.

पण ताईंच्या बाबतीत गळती बहुधा प्लेटच्या कडेवरून येतेय. हॉर्नचा झोत रुंद असतो, पट्ट्या अरुंद. पुठ्ठ्याला स्वयंपाकघरातला फॉइल चिकटवून दोन्ही बाजूंना आणि वरती पंख लावा.

---

तर्ककर्कश

स्वयंपाकघरातला फॉइल एवढा पातळ, आरपार जाणार नाही का?

---

अँटेनावाला

नाही. या वारंवारतेला अॅल्युमिनियममध्ये लाट एक मायक्रॉनच्या आतच विरते. फॉइल त्याच्या दहापट तरी जाड असतो. फक्त जोडावर फट सोडू नका, आणि धातूच्या पट्टीवर फॉइल दोनेक सेंमी चढवा.

---

लास्टबेंचर_अभि

मी याच विषयाचा विद्यार्थी आहे (मॅडमच्या कॉलेजचा नाही). आमच्याकडे 'ग्राफ थिअरीसारखा आला पाहिजे' म्हणून मुलं 11° ला शून्य लिहूनच टाकतात. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, मीटरच्या मागे उभा राहून वाचलंस की बाजूला? मला प्रश्नच कळला नव्हता. मग त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं आणि काटा हलला.

---

जुना_क्लायस्ट्रॉन

अभि, तुझ्या परीक्षकांनी चांगला प्रश्न विचारला. माणूस म्हणजे मिठाच्या पाण्याची पिशवीच, हॉर्नसमोर आला की परावर्तक. वाचणारा दर वेळी एकाच जागी उभा राहील असं ठरवून टाकायचं, आणि ती जागा रिसीव्हरच्या मागे. लोखंडी कपाट बाकाच्या रेषेत असेल तर बाक फिरवा, कपाट हलणार नाही.

---

मृण्मयी_भौतिक

सोमवारची वाचनं घेऊन आले आहे.

हॉर्न रोखलेला बरोबर होता, दोरा ताणून बघितला. मग काकांनी सांगितलेलं केलं. एक फट झाकली तर 1.00 वरून काटा 0.30 वर आला, पावावर नाही. डावी झाकली काय, उजवी झाकली काय, तेच. मग रिसीव्हर 60° फिरवला, पुन्हा 0.30. दोन वेगळ्या रीतींनी एकच आकडा आला तेव्हा मुलं एकदम गप्प झाली आणि मग सगळी एकदम बोलायला लागली.

यावरून घातांक: क्षेत्र निम्मं झाल्यावर वाचन 3.33 पटीने कमी झालं, म्हणजे वाचन क्षेत्राच्या 1.74 व्या घाताच्या प्रमाणात आहे. वर्ग नाही, पण वर्गाच्या जवळ. वाचनाचा 1.15 वा घात घेतला की तीव्रता मिळते.

दोन्ही फटी झाकल्या तर 0.03. दुरुस्त करून 0.018! रेवतीने उदाहरणाला घेतलेलाच आकडा. मग फॉइलचे पंख लावले. झाकलेल्या फटींचं वाचन काट्याच्या जाडीत हरवलं. पुन्हा पूर्ण फेरी:

```
कोन    वाचन (डावी / उजवी)    तीव्रता (सरासरी)
0°     1.00                  1.00
11°    0.02 / 0.02           0.01
22°    0.76 / 0.79           0.75
35°    0.07 / 0.07           0.05
50°    0.30 / 0.34           0.27
```

डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी झाली, 11° चा मिनिमा खाली बसला. पण 22° ला सिद्धांत 0.87 म्हणतो आणि 50° ला 0.57. आमचं 0.75 आणि 0.27. गंमत म्हणजे मीटरची दुरुस्ती केल्यावर फरक वाढलाच! आणि 35° ची दरी अजून हट्टाने 0.07 वर आहे.

---

प्रा_सावंतवाडी

मग फटीची रुंदी पुन्हा मोजा. फट रुंद असेल तर sinc² लवकर उतरेल.

---

मृण्मयी_भौतिक

मोजली, सर. 50° ला 0.27 यायला फट 2.2 सेंमीच्या आसपास हवी. व्हर्निअर 1.5 च दाखवतो.

---

अँटेनावाला

ताई, आता तुम्ही खऱ्या मजेच्या जागी आलात. सगळी घाण काढल्यावर जे उरलंय, ते सूत्राचंच अपुरेपण आहे.

sinc² हे सूत्र लाटेला ध्रुवीकरण नसतंच अशा हिशेबाने काढलेलं आहे. प्रकाशाच्या प्रयोगात कोन एक-दोन अंशांचे असतात, तिथे ते खपून जातं. तुम्ही 50° ला मोजताय. तुमचं विद्युतक्षेत्र उभं, फटीही उभ्या, म्हणजे क्षेत्र फटीच्या कडेला समांतर. आता रिसीव्हर प्लेटला अगदी लागून, 90° ला नेला आहे असं समजा. तिथे क्षेत्र धातूच्या पृष्ठभागाला समांतर आहे, आणि धातूवर समांतर क्षेत्र शून्यच असावं लागतं. म्हणजे 90° ला तीव्रता शून्य व्हायलाच हवी. sinc² ला याचा पत्ताच नाही. या मांडणीत क्षेत्राला cosθ चा जादा गुणक येतो, तीव्रतेला cos²θ.

22.3° ला cos²θ 0.856, गुणिले 0.875 म्हणजे 0.75. तुमचं मोजलेलं 0.75. 49.5° ला 0.42 गुणिले 0.573 म्हणजे 0.24. तुमचं 0.27.

---

रेवती_डेल्फ्ट

22° ला एवढं तंतोतंत जुळलं यावर मी फार विसंबणार नाही. sinc² मागे आणखी एक गृहीतक आहे, की फटीच्या पूर्ण रुंदीत क्षेत्र सारखं आहे. पण क्षेत्र कडेला समांतर असेल तर कडेवर ते शून्य हवं. दीड सेंमीची फट म्हणजे अर्ध्या तरंगलांबीहून जेमतेम मोठी, त्यात क्षेत्र मध्ये फुगलेलं आणि कडांना शून्य असं असणार. तसा कोसाइन आकार धरून cos²θ लावला तर 0.79 आणि 0.31 येतं. मृण्मयीचे दोन्ही आकडे या दोन हिशेबांच्या मध्ये किंवा काठावर आहेत. खरं काय ते प्लेटच्या जाडीवरही अवलंबून असेल.

---

अँटेनावाला

मान्य. कोसाइन आकार हाही अंदाजच, कडांजवळ क्षेत्र त्याहून जरा जोरात चढतं. दोन टोकं मिळाली, उत्तर मध्ये कुठेतरी. पण cos²θ आहे की नाही हे तपासायची साधी रीत आहे: दोन्ही हॉर्न 90° फिरवा, क्षेत्र फटीला आडवं करा. आता प्लेटलगतचं क्षेत्र धातूला लंब, त्यावर शून्याची सक्ती नाही. 50° चं शिखर वर आलं पाहिजे.

---

लास्टबेंचर_अभि

म्हणजे जर्नलमध्ये सिद्धांताचा वक्र कुठला काढायचा?

---

तर्ककर्कश

दोन्ही. आणि गाईडमधला तिसरा खाली ठिपक्यांनी.

---

मृण्मयी_भौतिक

हॉर्न आडवे करून बघितले. मधलं शिखर पुन्हा 1 धरलं. घातांक नव्याने काढला, तो तेवढाच निघाला. 50° चं वाचन 0.32 वरून 0.50 वर गेलं, दुरुस्त तीव्रता 0.45. शिखराची जागा तीच, उंची मात्र दीडपटीहून जास्त वाढली. एकाच फटी, एकच d, एकच a, आणि फक्त हॉर्न फिरवले! पुढच्या वर्षीपासून हा भाग प्रयोगात कायम ठेवणार.

आता 35° ची दरी तेवढी उरली. आडव्या ध्रुवीकरणातही ती 0.06 च्या खाली गेली नाही.

---

जुना_क्लायस्ट्रॉन

प्लेट आणि रिसीव्हरच्या हॉर्नमध्ये लाट येरझाऱ्या घालत असेल. 35° वर दांडी ठेवून रिसीव्हर पाव तरंगलांबी, म्हणजे सातेक मिलिमीटर मागे सरकवा. काटा हलला तर तेच कारण. मग दोन्ही जागांची सरासरी घ्या. काटा अजिबात हलला नाही तर बाकाखाली बघा. आमच्याकडे बाकाला लोखंडी चौकट होती आणि ठरावीक कोनात ती समोर येई.

---

रेवती_डेल्फ्ट

चौकट असेल तर एक फट झाकून 20° ते 50° फेरी घे, मृण्मयी. एका फटीचा वक्र गुळगुळीत उतरायला हवा. 35° जवळ त्यात लाट दिसली तर बाहेरून काहीतरी येतंय. गुळगुळीत असेल तर मला दोन फटींच्या रुंदीत बारीक फरक असल्याचा संशय येईल. पण मग 11° लाही दरी भरायला हवी होती, ती भरलेली नाही. म्हणून माझं मत अजून चौकटीकडे झुकतं.

---

मृण्मयी_भौतिक

आमच्या बाकालाही लोखंडी चौकट आहे, आणि प्लेटचा स्टँड तिच्या जवळच येतो. आधी रिसीव्हर सरकवून बघते, मग एका फटीची फेरी. वाचनं इथेच टाकते.